अंगावर पिणारं बाळ सहा दिवस शी करत नाही: थांबायचं कधी, दवाखाना गाठायचा कधी

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेनऊला भाचीचा फोन आला, पलूसजवळ माहेरी होती ती बाळंतपणाला. "मावशी, बाळानं सहा दिवस झाले शी केली नाही, आणि आत्ता आई म्हणतीये पानाचा देठ तेलात बुडवून लावूया." मागून ताईचा आवाज, "अगं तुलाही लहानपणी असंच केलं होतं की!" मी तासगाव तालुक्यात उपकेंद्रावर एएनएम आहे, सोळा वर्षं झाली, आणि हा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो, कधी नात्यातल्या कुणाचा कधी आशाताईंचा. प्रत्येक वेळी मी तेच प्रश्न त्याच क्रमानं विचारते. म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं, म्हणजे रात्री साडेनऊला जी आई घाबरून बसलीये तिला स्वतःच हे प्रश्न विचारता येतील.

एक गोष्ट आधीच सांगते. "किती दिवस झाले" हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, पण नुसत्या त्याच्यावरून काहीच कळत नाही. तीन दिवस शी नाही ही अकरा दिवसांच्या बाळाची गोष्ट असेल तर मी त्याच दिवशी बाळ बघायला बोलावते, आणि पन्नास दिवसांच्या बाळाची असेल तर बहुतेक वेळा फोनवरच धीर देते. दोन्ही बाळं मी खाली सांगणार आहे.

आधी बाळाचं वय दिवसांत मोजा

जन्मल्यावर पहिली शी काळी-हिरवट आणि डांबरासारखी चिकट असते. बहुतेक पूर्ण दिवसांच्या बाळांना ती 24 तासांच्या आत होते, आणि 48 तासांच्या पुढे गेली तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे, भले नंतर सगळं ठीक दिसत असलं तरी. हे का ते पुढे सांगते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी रंग हिरवट-तपकिरी होतो आणि पाचव्या दिवसापर्यंत मोहरी वाटून पाण्यात कालवल्यासारखी पिवळी, पातळ, बारीक दाणे असलेली शी सुरू होते. आईला नीट दूध उतरलंय आणि बाळाच्या पोटात जातंय याची ही खूण.

पहिल्या महिन्यात बाळ दिवसातून तीन-चार वेळा तरी शी करतं, काही बाळं तर प्रत्येक पाजण्यानंतर करतात, आठ-दहा लंगोट होतात आणि घरचे म्हणतात जुलाब लागले. जुलाब नसतात ते. पोटात दूध पडलं की आतडं हलतं आणि मागचं पुढं ढकललं जातं, लहान बाळात हे फार जोरात होतं एवढंच.

मग साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास चित्र बदलतं. आतडं जरा मोठं होतं, ते दूध पडल्या पडल्या हलायचं कमी होतं, आणि अंगावरचं दूध असं असतं की त्यातलं जवळपास सगळंच बाळाच्या अंगी लागतं, चोथा फार उरत नाही. त्यामुळं मोठं आतडं भरायलाच वेळ लागतो. कुठलं बाळ दोन दिवसांनी शी करतं, कुठलं चार, कुठलं सात, आणि एखादं दहाव्या दिवशी करतं आणि तीही मऊ, पिवळी, भरपूर. याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. बद्धकोष्ठ म्हणजे शी खड्यासारखी कडक, शेळीच्या लेंड्यांसारखी, कुंथून कुंथून, कधी रक्ताची रेघ असलेली. ती रोज झाली तरी बद्धकोष्ठच, आणि मऊ शी सात दिवसांनी झाली तरी बद्धकोष्ठ नाही.

भाचीचं बाळ त्या रात्री 52 दिवसांचं होतं. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरं आलं. पण तिच्या डोक्यात वेगळंच होतं. बाळाला 44व्या दिवशी दीड महिन्याचे डोस झाले होते आणि त्यानंतर दोन दिवसांनी शेवटची शी, मग बंद. "लसीनंच केलं हे मावशी." हे मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं! डोस सहा आठवड्यांना आणि शीचा बदलही नेमका सहा आठवड्यांच्या आसपास, दोन्ही एकाच वेळी येतात म्हणून असं वाटतं. डोसानं ताप येतो, मांडी दुखते, बाळ किरकिरतं, रोटाच्या डोसानं एखाद्याला थोडी पातळ शीसुद्धा होते, पण आठवडा आठवडा शी थांबत नाही. पुढचा डोस कुणी याच्यामुळं चुकवू नका. (रोटाच्या डोसानंतर क्वचित आतड्यात आतडं अडकण्याचा त्रास होऊ शकतो, पण त्याची लक्षणं अगदी वेगळी असतात, खाली येतील.)

बाळाच्या पोटात अंगावरच्या दुधाशिवाय काय जातंय

दुसरा प्रश्न हा, आणि खरं उत्तर मिळायला वेळ लागतो. आई म्हणते "फक्त अंगावरचं", आणि मग आजीला विचारलं की कळतं सकाळी गुटी असते, दुपारी दोन चमचे उकळून गार केलेलं पाणी असतं, उन्हाळा आहे म्हणून. रागवून विचारलं की कुणी सांगत नाही, म्हणून मी विचारते, "गुटीत काय काय उगाळता?" आणि मग सगळी यादी येते.

हे का विचारायचं? कारण "आठवडाभर थांबलं तरी चालतं" हा नियम फक्त निव्वळ अंगावर पिणाऱ्या बाळाचा आहे. पावडरचं दूध किंवा गाई-म्हशीचं दूध चालू असेल तर शी घट्ट होते आणि दोन-तीन दिवस झाली नाही की ती खरंच कडक होत जाते, तिथं इतकं थांबायचं नाही. पावडर मिसळताना डब्यातल्या चमच्याचं माप आणि पाण्याचं माप डब्यावर लिहिल्याप्रमाणंच ठेवायचं, दूध दाट केलं की बाळ कडक शी करतं.

भाचीच्या बाळाला गुटी नव्हती, पाणी नव्हतं. व्हिटॅमिन डीचे थेंब तेवढे चालू होते, त्याचा शी न होण्याशी संबंध नाही.

शू मोजा, आणि डायपर एक दिवस बाजूला ठेवा

तिसरा प्रश्न शूचा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर 24 तासांत सहा किंवा जास्त वेळा शू झाली पाहिजे, रंग जवळपास पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा. अंगावर पोटभर पिणारं बाळ शी चार दिवस न करता राहील पण शू केल्याशिवाय राहणार नाही, म्हणून शी दिसत नसताना दूध पुरतंय का हे शूवरून बघायचं.

आता अडचण अशी की हल्ली डायपर असतं आणि त्यात तीन शू झाल्या काय आणि पाच झाल्या काय, कळत नाही, वरची जेल सगळं पिऊन घेते. म्हणून शंका असेल तर एक अख्खा दिवस जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे लंगोट बांधा, आणि प्रत्येक ओल्या लंगोटाला कॅलेंडरवर एक रेघ मारा. सकाळी आठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी आठ. अंदाजानं "होते की बऱ्याचदा" असं सांगू नका, मोजलं की बऱ्याचदा आकडा वेगळा निघतो. आणि लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा नारिंगी डाग दिसला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत तो चालतो, त्यानंतर दिसला तर दूध कमी पडतंय असं समजून त्याच दिवशी दाखवा.

भाचीनं लंगोटच बांधले होते, त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सात ओले झाले होते. माझं निम्मं टेन्शन तिथंच गेलं.

वजन, आणि ते एकाच काट्यावर

चौथा प्रश्न वजनाचा, आणि माझ्या मते हा सगळ्यात पक्का पुरावा. जन्मल्यावर बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर चालतं, आणि दहा ते चौदा दिवसांत ते जन्माच्या वजनावर परत येतं. तिथून पुढं पहिले तीन महिने रोज साधारण 20 ते 30 ग्रॅम, म्हणजे आठवड्याला दीडशे-दोनशे ग्रॅम वाढ.

वजन करताना बाळ उघडं, लंगोटसुद्धा काढून, आणि शक्यतो दर वेळी तोच काटा. टांगायच्या काट्यावर शंभर ग्रॅमचा फरक नजरेनंच पडतो. एकदा दवाखान्यात, एकदा अंगणवाडीत आणि एकदा मेडिकलमध्ये असं केलं की वजन उतरलं की वाढलं काहीच कळत नाही आणि घरात उगाच रडारड. आशाताई बाळंतपणानंतर 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येतात त्या वजन करूनच जातात, ते आकडे तुमच्या कार्डावर असतात, कार्ड कपाटात ठेवून देऊ नका.

भाचीला म्हटलं कार्ड काढ आणि वाच. जन्माचं 2 किलो 800. चौदाव्या दिवशी 2 किलो 900. डोसाच्या दिवशी, 44व्या दिवशी, 3 किलो 800. म्हणजे तीस दिवसांत 900 ग्रॅम, रोजचे 30. झकास. पण हे शी थांबायच्या आधीचं झालं ना, मग शी थांबल्यावर काय? म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला म्हटलं उपकेंद्रावर जा, डोसाला वापरला होता त्याच डिजिटल काट्यावर बाळ उघडं ठेव. भरलं 4 किलो 70 ग्रॅम. नऊ दिवसांत 270 ग्रॅम, परत रोजचे 30. साठलेल्या शीचं वजन त्यात थोडं धरलं तरी बाळ जोमानं वाढतंय हे उघड होतं.

पोट, उलटी, चेहरा

पाचवं, बाळाकडं नीट बघायचं. दूध पिऊन झाल्यावर पोट गोल दिसतं, ते सगळ्यांचं दिसतं. मी फोनवर सांगते की बाळ शांत असताना, रडत नसताना, पोटावर चार बोटं हलकेच ठेवा. कणकेच्या गोळ्यासारखं दबलं तर ठीक. ढोलकीसारखं ताणलेलं, गच्च, चमकणारं, वर निळ्या शिरा उठलेल्या आणि हात लावला की बाळ कळवळून रडतं, तर हे थांबायचं काम नाही.

दूध ओकणं वेगळं आणि उलटी वेगळी. पाजल्यावर ढेकरेबरोबर थोडं दूध किंवा फाटलेलं दूध येणं चालतं. उलटीचा रंग पालकाच्या पाण्यासारखा हिरवा असेल तर एक वेळ आली तरी, रात्रीचे दोन वाजले असले तरी, तसंच उठून निघायचं. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो आणि त्यात तासांवर खेळ असतो, सकाळची वाट बघायची नाही.

भाचीचं बाळ हसत होतं, दोन-अडीच तासांनी पीत होतं, गॅस पास होत होता आणि त्याला वास भयंकर होता (आठवड्याभराची शी आत असली की असतोच). पोट मऊ. फक्त संध्याकाळी लाल होऊन कुंथायचं, पाय पोटाशी घ्यायचं, दहा-पंधरा मिनिटं रडायचं आणि मग काहीच न होता गप्प व्हायचं. ताईला तेच बघवत नव्हतं.

या कुंथण्याचं सांगते, कारण देठ आणि साबण सगळं याच्यामुळंच होतं. शी करायला दोन गोष्टी एका वेळी कराव्या लागतात, वरून जोर लावायचा आणि खालचा स्नायू ढिला सोडायचा. आपल्याला ते कळतही नाही, पण लहान बाळाला हा ताळमेळ अजून जमलेला नसतो. ते जोर लावतं आणि त्याच वेळी खालून आवळून धरतं, मग लाल होतं, किंचाळतं. रडण्यानं पोटात जोर तयार होतो म्हणूनही रडतं. आणि शेवटी जी शी होते ती मऊ असते, हीच खूण. कडक शीमुळं हा त्रास होत नाही, ताळमेळ शिकायचा राहिलाय एवढंच, आणि काही आठवड्यांत बाळ आपलं आपण शिकतं. दर वेळी आपण खालून काहीतरी घालून शी काढली तर बाळ त्या टोचणीची वाट बघायला लागतं आणि शिकायला आणखी उशीर होतो.

थांबताना काय करायचं

मी भाचीला सांगितलं ते एवढंच. पाजणं बाळाच्या मागणीप्रमाणं, एक बाजू पूर्ण रिकामी होऊ दे मग दुसरी दे. अंघोळीच्या आधी, पाजून अर्धा-पाऊण तास झाल्यावर, बेंबीभोवती घड्याळाच्या काट्यासारखं हलक्या हातानं पाच मिनिटं तेल चोळ. गुडघे दुमडून पोटाशी आण, सायकल चालवल्यासारखे पाय हलव. कुंथायला लागलं की पाठ तुझ्या पोटाला टेकवून, गुडघे वर धरून, उकिडवं बसल्यासारखं धर, झोपलेल्या स्थितीत जोर लावणं आपल्यालाही जमत नाही. याच्यानं शी होईलच असं मी म्हणत नाही, पण गॅस सुटतो, बाळाला बरं वाटतं, आणि घरच्यांच्या हाताला काम मिळतं म्हणजे दुसरे उद्योग होत नाहीत.

भाचीनं तिच्या खाण्याचंही विचारलं, सासरहून विट्यातून सांगणं आलं होतं की आईनं पपई खाल्ली की बाळाचं पोट साफ होतं आणि वांगं-बटाटा खाल्ला की बांधतं. आईनं पोटभर, चारीठाव खावं, पाणी तहानेप्रमाणं प्यावं, पपई आवडत असेल तर जरूर खावी, पण तिच्या खाण्यानं बाळाची शी मागंपुढं होते असं नाही.

मर्यादा मी अशी धरते: दीड महिन्याच्या पुढचं, फक्त अंगावर पिणारं, शू-वजन-पोट सगळं ठीक असलेलं बाळ सात दिवसांपर्यंत घरीच बघायचं. सात दिवस उलटले तर बाळ खेळत असलं तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवून घ्यायचं, घाईनं नाही, ओपीडीच्या वेळेत. बऱ्याचदा डॉक्टर पोट तपासतात, शीची जागा बघतात, पाठ बघतात आणि म्हणतात आणखी थांबा. भाचीच्या बाळाचं तेच झालं, आठव्या दिवशी दाखवलं, डॉक्टरांनी काही दिलं नाही. नवव्या दिवशी पहाटे झाली. लंगोट, झबलं, दुपटं, पार मानेपर्यंत, पिवळी आणि लोण्यासारखी मऊ. ताईनं मला फोटो पाठवला.

दुसरं बाळ, अकरा दिवसांचं

हे बाळ आमच्याच उपकेंद्राखालच्या एका वाडीवरचं. तीन दिवस शी नाही, आणि घरचे खुशीत, कारण बाळ "लई शांत, रडतच नाही, पाच-पाच तास झोपतं." कुणीतरी सांगितलं होतं की अंगावरचं दूध पिणारी बाळं आठवडाभर शी करत नाहीत, त्यामुळं काळजी नव्हती. अर्धी माहिती कशी नडते बघा, तो नियम दीड महिन्याच्या पुढचा.

आशाताईंना शंका आली म्हणून त्यांनी मला बोलावलं. जन्माचं वजन 2 किलो 700, अकराव्या दिवशी 2 किलो 420. म्हणजे 280 ग्रॅम खाली, दहा टक्क्यांच्या वर, आणि या वयात तर ते जन्माच्या वजनाजवळ यायला पाहिजे होतं. शू दिवसात तीनदा, लंगोटावर नारिंगी डाग. डोळे पिवळे. ते बाळ शांत नव्हतं, थकलेलं होतं. खालून शी येत नव्हती कारण वरून दूधच जात नव्हतं.

पाजताना बघितलं तर बाळ नुसतं बोंड तोंडात धरून चघळत होतं, आईला बोंडाला चिरा पडलेल्या, ती दुखतंय म्हणून पाच मिनिटांत काढून घ्यायची. तोंड मोठं उघडून बोंडाभोवतीचा काळा भागही, विशेषतः खालच्या बाजूचा, बाळाच्या तोंडात गेला पाहिजे, हनुवटी छातीला टेकली पाहिजे आणि गिळल्याचा आवाज आला पाहिजे. बाळाला त्याच दिवशी दवाखान्यात पाठवलं, तिथं साखर आणि कावीळ तपासली, दोन दिवस ठेवून घेतलं. आईला पकड शिकवली, दर दोन तासांनी उठवून पाजायचं, 24 तासांत आठ ते बारा वेळा, आणि नंतर हातानं दूध काढून वाटी-चमच्यानं द्यायचं. चौथ्या दिवशी बाळ दिवसात चार-पाच वेळा पिवळी शी करायला लागलं. रेचक, थेंब काही दिलं नव्हतं.

म्हणून पहिल्या महिन्यात, दूध उतरल्यानंतर, 24 तास अजिबात शी नाही असं झालं तर पकड, शू आणि वजन त्याच दिवशी बघून घ्या.

काय करू नका, आणि का

पानाचा देठ, साबणाची कांडी, उदबत्तीची काडी, कापसाची वात, सगळं मी बघितलंय. देठानं आतली नाजूक त्वचा फाटते. साबणानं आतून भाजल्यासारखी जळजळ होते. आणि सगळ्यात मोठं, खरा आजार असेल तर तो झाकला जातो, कारण काडी घातली की शी होते आणि घरच्यांना वाटतं झालं ठीक. ग्लिसरीनची बत्तीसुद्धा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही.

एरंडेल चाटवणं तर नकोच. तेल चुकून श्वासनळीत गेलं की फुफ्फुसाला सूज येते आणि ती लवकर बरी होत नाही. पाणी पाजलं तर इवलंसं पोट पाण्यानं भरतं, बाळ दूध कमी पितं, आणि जास्त पाणी गेलं तर रक्तातलं मीठ कमी होऊन झटकेसुद्धा येऊ शकतात. आपल्याकडचा कितीही कडक उन्हाळा असला तरी सहा महिन्यांपर्यंत अंगावरच्या दुधातलं पाणी पुरतं, फक्त जास्त वेळा पाजा.

गुटीबद्दल बोललं की आज्ज्या रागावतात, मला माहितीये, त्यांनी चार-चार मुलं त्याच्यावर वाढवलीत. पण सहाण तीच, पाणी तेच, जायफळ जरा जास्त उगाळलं की बाळ सुस्त होतं आणि सुस्त बाळ दूध कमी पितं. हरडा पोटात मुरडा आणू शकतो. नको, एवढंच सांगते.

मध वर्षाच्या आत अजिबात नाही, गुटीत कालवूनही नाही, बोटावर चाटवूनही नाही. महाबळेश्वरचा असो नाहीतर स्वतःच्या पेटीतला असो, शुद्धतेचा इथं संबंध नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, मोठ्या माणसाला ती काही करत नाहीत, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात. आणि त्या आजाराचं पहिलं लक्षण शी बंद होणं हेच असतं! मग पापण्या जड होतात, रडण्याचा आवाज बारीक होतो, चोखायचा जोर जातो, मान आणि हातपाय लुळे पडतात. मध चाटवलेल्या बाळाची शी थांबली तर मध दिला होता हे डॉक्टरांना न लपवता सांगा.

खरा आजार कुठं लपलेला असतो

क्वचित, पण असतो. एक आजार असा की मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतःच नसांच्या पेशी नसतात, तो भाग ढिला पडतच नाही आणि मागं सगळं तुंबतं. साधारण पाच हजारांत एका बाळाला असतो, नाव हर्षस्प्रुंग. यात पहिली काळी शी उशिरा होते, म्हणूनच डॉक्टर महिन्यांनंतरही विचारतात "पहिली शी कधी झाली?" डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नसेल तर आठवून लिहून ठेवा. पोट फुगलेलं राहतं, वजन धरत नाही, आणि काही घातलं की एकदम गॅस आणि पातळ घाण शी पिचकारीसारखी बाहेर येते. अशा बाळाला ताप आणि पोटफुगी झाली तर ती इमर्जन्सी. याचं ऑपरेशन लहान मुलांचे सर्जन करतात, आमच्या भागातून लोक त्यासाठी मिरज, कोल्हापूर, पुणे गाठतात.

दुसरा थायरॉईडचा. कावीळ दोन आठवडे झाले तरी जात नाही, बाळ सारखं झोपतं, आवाज घोगरा, जीभ मोठी, अंग गार आणि कोरडं, बेंबी फुगलेली, आणि शी नाही. रक्ताच्या एका तपासणीत कळतं आणि रोजच्या गोळीवर बाळ नीट वाढतं, पण गोळी जितकी लवकर सुरू तितकी मेंदूला बरी, इथं एक आठवडासुद्धा घालवू नका.

तिसरं रंगाचं. शी किती दिवसांनी होते यापेक्षा ती पांढुरकी, खडूसारखी किंवा भिजवलेल्या शाडूसारखी फिकट आहे का बघा, आणि शू गडद पिवळी होऊन लंगोट रंगतो का. तसं असेल तर पित्ताच्या नळीचा आजार असू शकतो आणि त्याचं ऑपरेशन दोन महिन्यांच्या आत झालं तर जास्त चांगलं लागतं.

आणि ज्यात दिवस मोजायचेच नाहीत, शी काल झालेली असली तरी निघायचं, ते असं: हिरवी उलटी, गच्च पोट, शीत रक्त किंवा लाल जेलीसारखं काही, थोड्या थोड्या वेळानं पांढरं पडून जोरात रडणं आणि मध्ये मलूल होणं (आतड्यात आतडं अडकल्याचं लक्षण ते), दोन-तीन वेळचं दूध नाकारणं, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 किंवा त्याच्या वर ताप, किंवा अंग गार पडणं. गाडी नसेल तर 108 ला फोन करा. निघताना बाळाचं कार्ड, डिस्चार्ज कार्ड, शेवटच्या शीची आणि 24 तासांतल्या शूंची नोंद बरोबर घ्या, शीचा लंगोट असेल तर तो पिशवीत घालून न्या किंवा फोटो तरी काढा. डॉक्टरांना "बऱ्याच दिवसांनी झाली, पिवळट होती" यापेक्षा तो लंगोट जास्त सांगतो.

भाचीचं बाळ त्यानंतर चार महिने असंच चाललं, कधी पाच दिवसांनी, कधी आठ. ताई दर वेळी फोन करायची, पण देठाचं नाव नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण, नाचणी सुरू केली आणि दोन आठवड्यांत शी रोजची झाली, घट्टसर आणि वासाची. तिथून पुढं आधीचा नियम संपला, आता तीन दिवस शी नाही आणि मग खडा आला तर ते खरं बद्धकोष्ठ, त्याला जेवणाबरोबर दोन-चार घोट पाणी, भाज्या, पिकलेली पपई देऊन बघायचं आणि तरी खडाच येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.